दाराबाहेरचा पॅसेज: सोसायटीतील बंदिस्ती आणि ती काढायला सांगणारे पत्र

सुरुवात बहुधा चपलांच्या रॅकपासून होते. मग रॅकवर कुंडी येते, शेजारी मुलाची सायकल उभी राहते. एखाद्या चोरीच्या बातमीनंतर पॅसेजच्या टोकाला लोखंडी ग्रिल लागते, पुढे ग्रिलला अॅल्युमिनियमची चौकट आणि काच बसते. आत लाद्या बदलल्या जातात आणि एके दिवशी बेलचे बटणही बाहेर सरकते. तोवर मजल्यावरचे कुणी काही बोललेले नसते. बोलायची वेळ येते तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीला कळत नाही की शेजाऱ्याला ‘तुमची जागा रिकामी करा’ असे लिहायचे तरी कसे.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये हा वाद जुना आहे. तो निबंधकाच्या कार्यालयात, सहकार न्यायालयात, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि अग्निशमन दलाच्या तपासणीतही उपटतो. त्याची पार्श्वभूमी काय, कायदा काय म्हणतो, पक्ष कोणते, न सुटलेले काय आणि या सगळ्यात सोसायटीच्या पहिल्या सौम्य नोटिशीचे काम काय, याचा हा आढावा.

गॅलरीतून पॅसेजकडे

मुंबईत सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याची सुरुवात १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून झाली. पण शहरातली बहुसंख्य मराठी कुटुंबे त्यानंतरही कितीतरी वर्षे चाळीत राहिली, आणि चाळीत दाराबाहेरची जागा घराचाच भाग होती. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. तिथे पाण्याचा पिंप, वाळवण, रात्रीची अंथरुणे, अभ्यासाला बसलेला मुलगा हे सगळे गॅलरीत किंवा मधल्या मार्गिकेत असायचे. ती जागा कुणाची, हा प्रश्न पडत नसे, कारण प्रत्येक जण ती वापरत असे आणि कुणीच तिला दार लावत नसे.

फ्लॅटच्या इमारतीत ही सवय आली, पण मांडणी बदलली. सदनिका करारात मोजून दिलेली असते आणि दाराबाहेरचा पॅसेज त्या मोजमापात नसतो. चाळीत सामान बाहेर ठेवले तरी मधून वाट राहायची. फ्लॅटमध्ये शेवटच्या दारापुढची जागा बंद केली तर तिथे इतरांना पाऊल टाकायचे कारणच उरत नाही. म्हणूनच ‘इथे येतंच कोण?’ हा या वादातला सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न आहे.

कायद्याची चौकट

या विषयावर एकच कायदा नाही. निरनिराळे कायदे एकाच पॅसेजकडे चार बाजूंनी पाहतात.

पहिली बाजू मालकीची. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अॅक्ट, १९६३ म्हणजे मोफा या कायद्याने बिल्डरने काय विकायचे आणि काय संस्थेकडे सोपवायचे याची रीत घालून दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी ‘नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी’ या खटल्यात स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असा निर्वाळा दिला. खटला पार्किंगचा होता, पण त्यातला विचार पॅसेजच्या वादातही वापरला जातो: जी जागा स्वतंत्र सदनिका नाही ती बिल्डर कागदावर लिहून देऊ शकत नाही. ‘करारात लॉबी मला दिली आहे’ असे म्हणणाऱ्या सभासदाला हा निकाल अडचणीचा ठरतो. २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक जागांची व्याख्याच दिली. तिच्यात जिने, लिफ्ट, जिन्याच्या व लिफ्टच्या लॉबी, आगीच्या वेळचे सुटकेचे मार्ग आणि सामाईक प्रवेशद्वारे यांची नावे घेतली आहेत. ज्या इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत तिथे १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट लागतो. त्यात सामाईक जागेतला प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त राहतो, तो तोडून मागता येत नाही.

दुसरी बाजू सहकाराची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्था आपले उपविधी नोंदवते. शासनाच्या आदर्श उपविधींतला क्रमांक १६९ थेट या विषयाचा आहे. जिने, लँडिंग, पॅसेज, पार्किंग अशा जागा ज्या कामासाठी आहेत त्याच कामासाठी वापरायच्या. त्यावर अतिक्रमण केलेल्या सभासदाने ते काढायचे आणि अतिक्रमण होते तितक्या काळासाठी दरमहा मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम द्यायची. त्याच उपविधीत गच्ची किंवा मोकळी जागा घरगुती समारंभासाठी तात्पुरती देण्याचीही सोय आहे. म्हणजे सामाईक जागेचा वापर मुळातच निषिद्ध नाही. हरकत आहे ती जागा कायमची अडवण्याला.

तिसरी बाजू बांधकामाची. पॅसेज मंजूर नकाशात मोकळा दाखवलेला असतो. मुंबईत जिना, लिफ्ट आणि लॉबी यांचे क्षेत्रफळ प्रीमियम घेऊन एफएसआयबाहेर धरण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. अशी जागा खोलीत घेतली की तिचा हिशेबच बदलतो. त्यामुळे भिंत किंवा कायमची चौकट उभी राहिली तर महापालिका मुंबईत १८८८ च्या कायद्यातील कलम ३५१ खाली, पुणे-ठाण्यासारख्या शहरांत १९४९ च्या कायद्यातील कलम २६० खाली, किंवा एमआरटीपी कायद्यातील कलम ५३ खाली नोटीस देऊ शकते.

चौथी बाजू आगीची. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि वहिवाटदारांवर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणेची तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, ‘फॉर्म बी’ सादर करावा लागतो. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगावच्या सात मजली इमारतीत लागलेल्या जीवघेण्या आगीनंतर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये साठलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचा विषय पुढे आला होता. ती जागाही सामाईकच होती.

तीन भूमिका

या चौकटीत उभे राहून लोक जे बोलतात त्याचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

पहिल्या गटाचे म्हणणे सरळ आहे. पॅसेज सर्वांचा आहे, म्हणून कुणालाही त्याचा एक फूटही देता येत नाही. कमिटीला नाही आणि सर्वसाधारण सभेलाही नाही. सभेला कायद्याने अंतिम अधिकार आहेत, पण ते कायदा आणि उपविधी यांच्या आत राहून. नकाशाबाहेरच्या कामाला सभेने हात वर करून दिलेली संमती महापालिकेवर किंवा अग्निशमन दलावर बंधनकारक होत नाही. शिवाय आज पाचव्या मजल्याला दिले तर उद्या सहाव्याला नाही म्हणता येत नाही, हा व्यवहारातला मुद्दाही हा गट मांडतो.

दुसरा गट वापराकडे पाहतो. टोकाच्या सदनिकेपुढची जागा कुणाच्या वाटेत येत नसेल, तिथे उघडणारी, कुलूप नसलेली जाळी असेल, डक्ट आणि अग्निशमनाची पेटी मोकळी असेल, तर अडचण काय, असे तो विचारतो. एकटी राहणारी वृद्ध स्त्री किंवा दिवसभर बंद असणारे घर यांच्यासाठी सुरक्षेची गरज खरी आहे. अशा ठिकाणी सर्वसाधारण सभेने सगळ्यांना सारखा नियम करावा, अटी लिहाव्यात आणि गरज पडेल तेव्हा काढून टाकण्याची लेखी हमी घ्यावी, असा या गटाचा तोडगा आहे.

तिसरी भूमिका अग्निसुरक्षेवर काम करणाऱ्यांची आहे, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळ्या कारणाने कडक आहे. त्यांना मालकीत रस नाही. धुराने भरलेल्या पॅसेजमध्ये माणूस भिंतीला हात लावत जातो. तिथे चपलांचा रॅक, उघडलेले दार किंवा कुलपाची जाळी हाताला लागली तर काय होते, एवढेच ते पाहतात. राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षा भागाचा रोखही हाच आहे: उघडलेल्या दाराने बाहेर पडण्याच्या मार्गाची आवश्यक रुंदी कमी होता कामा नये. या दृष्टीने टोकाची जाळी एक वेळ चालेल, पण मधल्या वाटेतला बारीकसा रॅक चालणार नाही. सोसायट्यांमध्ये बहुधा याच्या नेमके उलट होते. मोठ्या बंदिस्तीवर भांडण पेटते आणि रॅक सगळ्यांकडेच असल्यामुळे त्याचा विषय कुणी काढत नाही.

एक प्रसंग, मोजमापासह

नोटीस कशी लिहावी हे समजण्यासाठी एक नमुन्याचा प्रसंग घेऊ. तपशील कल्पित आहेत, पण असे प्रसंग नित्य घडतात.

ठाण्यातली सात मजली इमारत, मजल्यावर चार सदनिका. ५०३ ही पॅसेजच्या टोकाची. पॅसेज दीड मीटर रुंद. ५०३ च्या सभासदाने दारापासून २.१ मीटर अंतरावर अॅल्युमिनियमचे पार्टिशन आणि सरकते दार बसवले. आत एका बाजूला ४५ सेंटिमीटर खोलीचे कपाट. अडवलेली जागा ३.१५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३४ चौरस फूट. आठ वर्षे कुणी तक्रार केली नाही.

जूनमध्ये चौथ्या मजल्यावरच्या छताला ओल आली. प्लंबरने वर जाऊन पाहिले तर पाण्याच्या पाइपांच्या डक्टचे दार नेमके त्या पार्टिशनच्या आत, कपाटाच्या मागे. घर बंद, सभासद गावी. किल्ली मिळेपर्यंत दोन दिवस खालच्या घरात बादल्या. इथे वाद ‘जागा कुणाची’ याच्याही पुढे गेला, कारण बंदिस्तीमुळे नेमकी कोणती अडचण झाली हे आता बोट ठेवून दाखवता येत होते.

कमिटीने पुढे तीन गोष्टी केल्या. मंजूर नकाशाची प्रत काढून त्यात तो पॅसेज मोकळा असल्याची खात्री केली. मजल्यावर फूटपट्टी लावून मोजमाप आणि तारखेसह फोटो घेतले. आणि कमिटीच्या सभेत विषयपत्रिकेवर विषय घेऊन ठराव केला, त्याचे इतिवृत्त लिहिले. तिसऱ्या गोष्टीचा अनेक सोसायट्यांना विसर पडतो. चेअरमनने रागाने व्हॉट्सअॅपवर टाकलेला संदेश ही संस्थेची नोटीस नसते, आणि पुढे वाद न्यायालयात गेला तर पहिला प्रश्न ‘ठराव कुठे आहे?’ हाच विचारला जातो.

मग पत्र गेले:

> दि. १५ जुलै
>
> प्रति,
> मा. सभासद, सदनिका क्र. ५०३
>
> विषय : पाचव्या मजल्यावरील सामाईक पॅसेजमधील पार्टिशन काढण्याबाबत
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आपल्या सदनिकेसमोरील पॅसेजमध्ये दारापासून २.१ मीटर अंतरावर अॅल्युमिनियमचे पार्टिशन व सरकते दार बसवलेले असून त्याच्या आत कपाट ठेवलेले आहे. ही जागा मंजूर नकाशात सामाईक पॅसेज म्हणून दाखवली आहे. जागेचे मोजमाप व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> जून महिन्यात ४०३ मध्ये गळती झाली तेव्हा या भागातील पाण्याच्या डक्टपर्यंत पोहोचता न आल्याने दुरुस्तीला दोन दिवस उशीर झाला, हे आपणास ठाऊक आहेच. यात आपला काही हेतू होता असे संस्थेचे म्हणणे नाही.
>
> संस्थेच्या उपविधी क्र. १६९ नुसार अशी जागा मोकळी ठेवणे आवश्यक आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पार्टिशन व कपाट काढावे, ही विनंती. काम करताना भिंत किंवा लादीचे नुकसान होऊ नये म्हणून संस्थेचा सुतार हवा असल्यास कळवावे.
>
> याबाबत आपले काही म्हणणे असल्यास, किंवा आपल्याकडे पूर्वीची परवानगी असल्यास, ते लेखी द्यावे. दि. २ ऑगस्ट रोजी सायंकाळी ७ वाजता कमिटीच्या सभेत आपणास प्रत्यक्ष बोलता येईल.
>
> हा विषय आपल्यापुरताच नसून सर्व मजल्यांवरील पॅसेजची पाहणी याच महिन्यात होत आहे.
>
> आपला विश्वासू,
> सचिव (कमिटी ठराव दि. १२ जुलै नुसार)

यात धमकी नाही, पण जे हवे ते सगळे आहे. जागा मोजून सांगितली आहे. उपविधीचा क्रमांक आहे. मुदत आहे आणि बाजू मांडायची संधी आहे. ‘हेतू होता असे म्हणणे नाही’ हे वाक्य सभासदाला चेहरा राखून माघार घ्यायला जागा देते. शेवटून दुसरा परिच्छेद जुनी परवानगी स्वतःहून विचारतो, म्हणजे ती नंतर अचानक पुढे येत नाही. पाचपट रकमेचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. पहिल्याच पत्रात पैशाचा आकडा आला की उत्तर सभासदाऐवजी त्याच्या वकिलाकडून येते.

पत्र हातपोच दिले, घेणाऱ्याची सही घेतली आणि प्रत ईमेलने पाठवली. सदनिका भाड्याने दिलेली असती तर पत्र भाडेकरूला देऊन भागले नसते, कारण जबाबदारी सभासदाची असते. सभासद परगावी असेल तर त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर पत्र जायला हवे.

उत्तर आले. सोबत २०१६ सालच्या सेक्रेटरीच्या सहीचे पत्र: ‘सुरक्षेसाठी जाळी बसवण्यास हरकत नाही.’ कमिटीने त्या वर्षीचे इतिवृत्त काढून पाहिले. अशा परवानगीचा ठराव कुठेच नव्हता, आणि पत्रातही जाळी म्हटले होते, बंद पार्टिशन नव्हे. सुनावणीत सभासदाने सुरक्षेचा मुद्दा मांडला. कमिटीने तो नाकारला नाही. पार्टिशन आणि कपाट निघावे, डक्ट मोकळा व्हावा, आणि टोकाच्या सदनिकांना उघडझाप होणारी जाळी चालेल का हा विषय वार्षिक सभेपुढे सर्वांसाठी ठेवावा, असे ठरले. ऑगस्ट संपण्याआधी पार्टिशन उतरले. रक्कम आकारली गेली नाही.

जिथे चूक होते

हाच प्रसंग बिघडण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत.

सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे एकट्या सभासदाला नोटीस. ५०३ च्या पत्राच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर कमिटी सदस्याच्याच दाराबाहेर दोन कपाटे असतील तर ५०३ चे पहिले उत्तर तेच असते. इतरांनीही मोडला म्हणून नियम रद्द होत नाही, पण सूडबुद्धीचा आरोप वादाला चिकटतो आणि निघत नाही. सगळ्या मजल्यांची पाहणी आधी झाली असेल तर हा मुद्दा उठतच नाही.

दुसरी चूक स्वतः हातोडा चालवण्याची. जागा संस्थेची असली तरी कमिटीने सभासदाच्या अनुपस्थितीत पार्टिशन तोडले तर पोलिसांत तक्रार सभासदाची जाते. पाणी तोडणे किंवा लिफ्ट बंद करणे हे उपाय काही सोसायट्यांत अजूनही सुचवले जातात. उपविधी त्याला आधार देत नाहीत आणि अशी कृती संस्थेची बाजू कमकुवत करते. सूचना फलकावर नाव लावणे किंवा ग्रुपवर फोटो टाकणे यातून बदनामीची वेगळी तक्रार उभी राहते.

तिसरी चूक उशिराची. कमिटी बदलते, फाइल तशीच राहते, सभासद सदनिका विकतो आणि नवा मालक म्हणतो की मी अशीच विकत घेतली. म्हणून ना-हरकत पत्र देताना त्या सदनिकेच्या थकबाकीबरोबर सामाईक जागेच्या वादाची नोंदही लेखी कळवणाऱ्या सोसायट्या आता दिसतात.

पहिल्या पत्राला दाद मिळाली नाही तर पुढच्या पायऱ्या आहेत. दुसरे पत्र, त्यात उपविधीतल्या रकमेचा स्पष्ट उल्लेख, मग सर्वसाधारण सभेचा ठराव. त्यानंतर संस्था आणि सभासद यांच्यातील वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. तिथे कलम ९५ खाली अंतरिम आदेश मागता येतो, आणि निकालावर कलम ९७ खाली अपील करता येते. बांधकामाचा भाग असेल तर महापालिकेकडे स्वतंत्र तक्रार होते. सभासदत्व काढून घेण्याची कलम ३५ ची वाट कागदावर आहे, पण तिला उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताबरोबर निबंधकाची मंजुरीही लागते, आणि पॅसेजसारख्या वादात ती क्वचितच योग्य ठरते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पाचपट रकमेचा. ५०३ चे मासिक देखभाल शुल्क ३,२०० रुपये धरले तर पाचपट म्हणजे दरमहा १६,००० रुपये. बंदिस्ती आठ वर्षांची असेल तर उपविधीच्या शब्दांप्रमाणे हिशेब ९६ महिन्यांचा होतो आणि आकडा १५,३६,००० रुपयांवर जातो. दुसरीकडे उपविधींच्या भंगाबद्दलच्या दंडाची तरतूद आदर्श उपविधी क्रमांक १६५ मध्ये आहे, आणि तिथे एका आर्थिक वर्षातल्या दंडाला ५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. पाचपट रक्कम हा दंड की जागेच्या वापराची भरपाई? दंड मानला तर मर्यादा लागते, भरपाई मानली तर लागत नाही. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. रक्कम बंदिस्ती उभी राहिल्यापासून मोजायची की नोटिशीपासून, यावरही एकमत नाही. गप्प बसलेल्या संस्थेने आठ वर्षांचे पैसे एकदम मागावेत का, हा त्यातला अवघड भाग आहे. अनेक सल्लागार म्हणूनच नोटिशीतल्या मुदतीनंतरचीच रक्कम मागावी असे सुचवतात. अन्वयापुरते ते सावध आहे, पण उपविधीच्या अक्षराला धरून नाही.

याला जोडूनच उपविधींच्या वजनाचा मुद्दा येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ‘को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक’ प्रकरणात सहकारी संस्थेच्या उपविधींना कायद्याचा दर्जा नसून ते संस्था आणि सभासद यांच्यातील नियमांसारखे आहेत, असे म्हटले. त्यामुळे संस्थेने आदर्श उपविधींची कोणती आवृत्ती नोंदवून घेतली आहे हे आधी पाहावे लागते. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या संस्थेने नव्या आवृत्तीचा क्रमांक नोटिशीत घातला तर तो सभासदाच्या हातात दिलेला आयता बचाव ठरतो.

दुसरा प्रश्न सर्वसाधारण सभेच्या अधिकाराचा. टोकाची उघडणारी जाळी बांधकाम ठरते की फर्निचर, आणि सभा तिला परवानगी देऊ शकते का, याचे एका ओळीचे उत्तर नाही. भिंत, स्लॅब किंवा छत असलेली बंदिस्ती सभेच्या कक्षेबाहेर आहे याबद्दल फारसा वाद नाही. त्याखालच्या गोष्टींत इमारतीची उंची, जिन्यांची संख्या आणि पॅसेजचा आकार पाहून वेगवेगळी उत्तरे येतात.

तिसरा प्रश्न जुन्या बंदिस्तीचा. ‘वीस वर्षे आहे, आता माझीच झाली’ हा दावा ऐकायला जोरदार असतो. विरुद्ध कब्जा म्हणजे प्रतिकूल वहिवाट सिद्ध करायची तर ती मालकाच्या हक्काला उघडपणे आव्हान देणारी असावी लागते. कमिटीच्या परवानगीने किंवा तिच्या मूक संमतीने वापरलेली जागा त्या कसोटीला सहसा उतरत नाही. पण दीर्घ मौनामुळे संस्थेला तातडीचा आदेश मिळणे अवघड जाते, हेही तितकेच खरे.

चौथा प्रश्न जबाबदारीचा. वॉर्ड ऑफिस म्हणते की हा संस्थेचा अंतर्गत वाद, संस्था म्हणते की हे अनधिकृत बांधकाम, आणि निबंधक म्हणतो सहकार न्यायालयात जा. आदर्श उपविधींत कोणती तक्रार कुणाकडे न्यायची याची यादी आहे, आणि अनधिकृत बदल हा विषय महापालिकेकडे टाकला आहे. पण पॅसेजमधले पार्टिशन बांधकामही असते आणि सामाईक जागेच्या वापराचा वादही. दोन खिडक्यांच्या मध्ये अडकलेल्या अशा तक्रारी वर्षानुवर्षे फिरत राहतात.

आजची स्थिती

आजघडीला निर्विवाद एवढेच आहे: पॅसेज सामाईक आहे, तो बिल्डरला विकता येत नाही, सभासदाला बंदिस्त करता येत नाही आणि आगीच्या वाटेतला अडथळा कुणाच्याही ठरावाने वैध होत नाही. पैसे किती, कधीपासून, आणि जाळीला सूट द्यायची की नाही, हे अजून प्रत्येक इमारत आपापल्या परीने ठरवते आहे. त्या अनिश्चिततेत सोसायटीच्या हातात नक्की असते ते पहिले पत्र. ते एकाच वेळी शेजाऱ्याला लिहिलेले असते आणि उद्याच्या फाइलमधला पहिला कागदही असते.

म्हणून कमिट्यांना एक विनंती. ते पत्र लिहायला बसण्याआधी एका रविवारी मोजपट्टी आणि मंजूर नकाशा घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे पॅसेज एकदा मोजून घ्यावेत, आणि सुरुवात कमिटी सदस्यांच्या दारापासून करावी.